‘ङ’वरून नाव सांगा

बाळंतिणीनं पत्र लिहू नये, असं धर्मशास्त्रात कुठं म्हटलेलं ऐकिवात नाही. कारण उघड आहे. शास्त्र लिहिणाऱ्यांनी बाळंतीण पाहिली असेल ती खोलीच्या दाराबाहेरून. सात रात्री न झोपलेली बाई पहाटे साडेतीनला एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या मांडीवर फुलस्केप कागद घेऊन बसेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. सांगलीला माहेरी बाळंतपणाला आलेल्या एका नव्या आईनं मात्र असं चार पानी पत्र लिहिलं. सकाळी तिच्या भावानं पानांचे फोटो काढले आणि पुण्याच्या सासरापासून न्यू जर्सीच्या मावशीपर्यंत सगळ्यांना पाठवून दिले.

पत्राचा विषय होता बारसं. म्हणजे आमंत्रण नव्हे. आमंत्रणं तिच्या आईनं फोनवरून कधीच करून टाकली होती. गेल्या आठ दिवसांत बारशाबद्दल जेवढे म्हणून प्रश्न, सूचना आणि हरकती आल्या होत्या, त्यांचा एकदाच निकाल लावावा, असा हेतू होता. मायना असा होता: ‘ती. आई-बाबा, तात्याआजोबा, काका-काकू, सर्व आत्या, सर्व मावश्या आणि झोप न झाल्यामुळे ज्यांची नावं मला आत्ता आठवत नाहीत ते सर्व, यांना शि. सा. न. वि. वि. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.’

पहिला मुद्दा नावाचा नव्हताच. नाव नसण्याचा होता. ‘बाळाला अजून नाव नाही’ असं फोनवर जो तो म्हणत होता, ते तिला मान्य नव्हतं. नाव होतं. बाळाच्या मनगटाला गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर ते निळ्या शाईत लिहिलेलं होतं: ‘बेबी ऑफ’ आणि पुढं तिचं स्वतःचं नाव. तेच केसपेपरवर होतं, बीसीजीची लस टोचल्याच्या कार्डावर होतं आणि पाळण्याच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीवरही होतं. पुण्याहून बाळ बघायला आलेल्या तात्याआजोबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या चुलत आजोबांनी, चष्मा वर करून ती पट्टी वाचली होती आणि विचारलं होतं, “यात वडिलांचं नाव कुठाय?” तिथल्या सिस्टरनं पट्टीवरची नजर न काढता उत्तर दिलं होतं, “आजोबा, वडील बाहेर चहाला असतात. आई कॉटवर असते.”

अदलाबदल होऊ नये म्हणून दवाखान्यानं लावलेला हा साधा नियम तिला फार आवडला होता. बारशापर्यंतचे बारा दिवस या घरात एक व्यक्ती फक्त आईच्या नावानं ओळखली जाते, आणि बाराव्या दिवशी पंचवीस माणसं जमून तो प्रकार थांबवतात. बारशाची ही व्याख्या तिनं पत्राच्या पहिल्याच पानावर दिली आहे. पुढची तीन पानं ही माणसं तो कसा थांबवतात, याची आहेत.

बारा दिवसच का, हा पहिला वाद. बाळाचा जन्म बुधवारचा. जन्माचा दिवस पहिला धरला, तर बारावा दिवस येतो रविवारी. जन्माचा दिवस सोडून मोजला, तर सोमवारी. त्यात सासरच्या एका काकूंनी सांगितलं, की मुलाचं बारसं बाराव्या दिवशी आणि मुलीचं तेराव्या दिवशी करतात. ही रीत बऱ्याच घरांत आहे, हेही खरं. म्हणजे मोजणीवर काकूंचा दिवस सोमवार किंवा मंगळवार झाला. पुण्याहून येणाऱ्यांना रजा पडणार होती, त्यामुळे घरात कधी नव्हे इतका शास्त्राचा अभ्यास सुरू झाला.

पत्रात याचं उत्तर सरळ आहे. मूल जन्मलं, की भाऊबंदांना दहा दिवसांचं सुवेर. त्यात देवपूजा नाही, मंगलकार्य नाही. दहा दिवस सरले, की अकराव्या दिवशी अंघोळी, घराची धुवाधुव, आणि मग अकराव्या किंवा बाराव्या दिवशी नाव. सुवेर मोजताना जन्माचा दिवस धरतात, मग बारसं मोजताना तो का सोडायचा? ‘शिवाय,’ तिनं लिहिलं, ‘शब्द बारसं आहे. तेरसं नाही. तेराव्या दिवशी आपल्याकडं दुसरंच काहीतरी करतात आणि त्याला माणूस आधी जावं लागतं.’ बारसं रविवारी ठरलं. ते रविवारी यावं म्हणून हिनं दिवस ठरवून सिझर करून घेतलं, असंही एका आत्तेसासूबाईंचं मत होतं. त्यावर पत्रात एकच वाक्य आहे: ‘मुहूर्त काढून सिझर केलं असतं, तर मी ‘ङ’ कशाला निवडला असता?’

हा ‘ङ’ काय प्रकार आहे, ते नीट सांगायला हवं, कारण पत्राचं सगळ्यांत लांब पान त्यानंच खाल्लंय.

बाळाच्या पत्रिकेतलं नाव, म्हणजे नावरस नाव, जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून ठरतं. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे एकूण १०८ चरण. प्रत्येक चरणाला एक अक्षर वाटून दिलेलं आहे. पंचांगात त्याचं कोष्टक असतं, त्याला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघाला मा, मी, मू, मे. ज्यांच्या घरी मघाचं बाळ येतं, त्यांचं नशीब. मीरापासून मेघनापर्यंत सगळा बाजार खुला. पण १०८ जागांवर अक्षरं बसवताना वर्णमालेतलं काहीच वाया जाऊ द्यायचं नाही, असं कुणीतरी ठरवलेलं दिसतं. त्यामुळे हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ आले. उत्तराभाद्रपदाला दू, थ, झ, ञ. आणि आर्द्राला कू, घ, ङ, छ.

बाळाचं नक्षत्र होतं आर्द्रा.

तिच्या वडिलांनी, म्हणजे बाळाच्या सांगलीच्या आजोबांनी, हिशेब दवाखान्यातच केला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदीचं पाणी मोजलेला माणूस चंद्राला काय सोडणार. सोलापूरचं दाते पंचांग पिशवीत होतंच. आदल्या दिवशी मृग संपलं संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी. आर्द्रा संपायचं होतं बुधवारी संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी. म्हणजे नक्षत्र चोवीस तास चोवीस मिनिटांचं. त्याला चारानं भागलं, की एक चरण सहा तास सहा मिनिटांचा. मंगळवारी रात्री ११:१८ पर्यंत ‘कू’. बुधवारी पहाटे ५:२४ पर्यंत ‘घ’. तिथून सकाळी साडेअकरापर्यंत ‘ङ’. पुढं ‘छ’.

बाळ जन्मलं ११ वाजून २२ मिनिटांनी.

आठ मिनिटं. अवघ्या आठ मिनिटांनी छाया हुकली होती. आजोबांनी बाहेरच्या बाकावर बसून तपास सुरू केला. प्रसूतिगृहातलं घड्याळ पुढं आहे का? वेळ धरायची ती डोकं दिसल्याची, पहिलं रडल्याची, का नाळ कापल्याची? डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांना वाटलं, हे तब्येत विचारणार. आजोबांनी विचारलं, “मॅडम, तुमचं घड्याळ कशाला लावलंय?” पत्रात या प्रसंगाबद्दल लेकीनं लिहिलंय, की ती आत टाके घालून घेत होती आणि बाहेर तिचे वडील वेळेला टाके घालत होते.

घड्याळ बरोबर निघालं. ‘ङ’ कायम झाला.

मग नातेवाईक कामाला लागले. मराठीत ‘ङ’वरून सुरू होणारा एकही शब्द नाही, नाव तर दूरच. शाळेत ते अक्षर पाठ करताना सुद्धा मुलं ‘घ’नंतर जरा खोकून पुढं जातात. न्यू जर्सीच्या मावशीनं फोनवर विचारलं, “अगं, पण ते उच्चारायचं कसं?” त्यावर घरातल्या तीन पिढ्यांनी फोनच्या भोवती उभं राहून तीन वेगवेगळे उच्चार करून दाखवले. बाळानं त्यांतला दुसरा बरोबर केला होता, असं तिच्या भावाचं म्हणणं आहे; त्या वेळी ते ढेकर देत होतं.

खरं तर ज्योतिषवाल्यांनी याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ङ, ञ आणि ण ही अक्षरं नावाच्या सुरुवातीला येतच नाहीत. आली, तर त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज आणि ड धरावेत, असा नियम आहे. ज्यांनी कोष्टक केलं त्यांना अडचण माहीत होती, त्यांनी कोष्टक बदललं नाही, खाली पुरवणी जोडली. आपल्याकडं बहुतेक नियम असेच टिकलेत. आजोबांना हा नियम तिसऱ्या दिवशी गुरुजींकडून कळला आणि ‘ग’ हाती आल्यावर घरात आवर्तन मिळाल्यासारखा आनंद झाला.

इथं पत्रात तिनं एक बारीक गोष्ट स्पष्ट केली आहे, जी अनेकांना माहीत नसते. शास्त्रोक्त नामकरणात बाळाला एक नाव मिळत नाही, चार मिळतात. एक कुलदेवतेवरून. एक महिन्यावरून, बारा महिन्यांना विष्णूची बारा नावं ठरलेली आहेत. एक नक्षत्रावरून, हेच ते नावरस. आणि चौथं व्यवहारातलं, जे शाळेत हजेरीला पुकारतात. पहिली तीन पत्रिकेत आणि गुरुजींच्या तोंडात राहतात. तेव्हा हाक मारायचं नाव ‘ग’वरूनच पाहिजे, अशी सक्ती कुणाचीच नव्हती. पण एवढ्या हिशेबानंतर ‘ग’ सोडून ‘स’वरून नाव ठेवायचं, तर बाबांना वाईट वाटलं असतं. हे कारण तिनं पत्रात लिहिलेलं नाही. ते तिच्या आईनं लोकांना सांगितलं.

‘ग’ जाहीर होताच सूचना आल्या. सांगलीच्या पणजीनं, जिला घरात सगळे नुसतं आजी म्हणतात, दोन नावं दिली: गंगा आणि गोदावरी. त्यावर तात्याआजोबांनी पुण्याहून हरकत घेतली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणती मुलगी करू नये याची यादी आहे, तीत नदीचं, नक्षत्राचं, झाडाचं, डोंगराचं, पक्ष्याचं नाव असलेल्या मुली येतात. तेव्हा गंगा नको, गोदावरी नको. श्लोक खरा आहे आणि तात्यांनी अर्थही बरोबर सांगितला होता. फक्त तो महाराष्ट्राच्या कानावर कधी पडलेला दिसत नाही. इथं घराघरांत कृष्णा, यमुना, नर्मदा, रोहिणी, रेवती, मैना आणि तुळसा होऊन गेल्या, सगळ्यांची लग्नं झाली आणि त्यांच्या नातवंडांनीच मनुस्मृती वाचली. नव्या आईनं पत्रात एवढंच विचारलं, की ज्यांनी हा श्लोक कळवला त्यांच्या आईंचं नाव एका नदीचं आणि पत्नीचं नाव एका नक्षत्राचं आहे, तर अडचण नेमकी कुणाला आली?

तात्याआजोबांचं या पानावर उत्तर आलं नाही. त्यांच्या पत्नीचं आलं. त्यांनी हसणारे चेहरे पाठवले, अकरा.

तिसऱ्या पानावर कामांची वाटणी आहे आणि माझ्या मते पत्राचा जीव तिथं आहे. बारशात कोण काय करतं, हे तिनं आठवून आठवून लिहिलंय. नाव ठेवते आत्या. कानात ‘कुर्र्र’ करते आत्या. त्याबद्दल पाठीत धपाटे खाते आत्या, आणि साडीही मिळते आत्याला. पाळणा म्हणतात काकू आणि मावश्या. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत रोज काय झालं, याची त्यात कडवी असतात. त्यांत रोज काहीतरी गोड घडतं आणि कुणालाच टाके नसतात. कुंची, अंगडी-टोपडी, वाळे, बिंदल्या असा बाळंतविडा आणतात येणाऱ्या बायका. तांदळात नाव लिहितो बाप. मंत्र म्हणतात गुरुजी. घुगऱ्या वाटतात शेजारच्या मुली. ‘मी काय करते?’ तिनं लिहिलं. ‘मी पाटावर बसते. माझी ओटी भरतात. मला या सबंध कार्यक्रमात एकही वाक्य नाही. म्हणून हे पत्र.’

वाक्य नाही म्हटल्यावर तिनं दोन गोष्टी मागून घेतल्या.

पहिली वरवंट्याची. बाळाला पाळण्यात घालण्याआधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवायची रीत आहे. दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात, एक ‘गोविंद घ्या’ म्हणते, दुसरी ‘गोपाळ घ्या’ म्हणते. मूल वरवंट्यासारखं दणकट व्हावं, असा आजीनं सांगितलेला अर्थ. काही घरांत तर बाळालाच असं या हातातून त्या हातात देतात. पत्रात अट होती, की बाळ पाळण्यात असताना त्याच्यावरून दगड जाणार नाही. आधी दगडाचं बारसं, मग बाळाचं. कुणाचीच हरकत नव्हती, कारण मुळात घरात वरवंटाच नव्हता. फ्लॅटमध्ये आल्यापासून पाटा-वरवंटा गावच्या घरी पडलेला. मिक्सरच्या भांड्याला कुंची घालून बघितली, तर ती बसत होती, असं भाऊ म्हणाला. त्याला गप्प बसवण्यात आलं. शेवटी खलबत्त्यातला बत्ता निघाला. पितळी, वीतभर, आल्याचा वास येणारा.

दुसरी मागणी आजीसाठी होती. बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणारी, ओव्याची धुरी देणारी, रात्री दोनला बाळ रडलं तर सगळ्यांच्या आधी उठणारी ही पणजी बारशाच्या दिवशी काय करणार, ते सगळ्यांना न सांगता माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणार. तिचं कुंकू पुसल्याला एकवीस वर्षं झाली होती. पत्रातला हा परिच्छेद चार ओळींचा आहे आणि त्यात एकही विनोद नाही. पाळण्याची पहिली दोरी आजी ओढणार. ओटी पहिली आजी भरणार. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी घुगऱ्या खायला नंतर यावं.

त्याखाली सही आणि ता. क.: ‘मुलगी झोपलेली असेल तर कुर्र्र हळू करावं. उठवायला कुणीही चालतं, झोपवायला मीच लागते.’

पत्र वाचून न्यू जर्सीच्या मावशीचा सकाळी निरोप आला: ‘फार सुंदर लिहिलंयस गं. नाव काय ठेवताय?’

ते पत्रात नव्हतंच, मुद्दाम. नाव पहिल्यांदा बाळाच्या कानात जावं, मग लोकांच्या, हाच तर सगळ्या सोहळ्याचा गाभा. पण आजकाल नावाचं रहस्य राखणं कठीण झालंय, आणि त्याला कारण नातेवाईक नाहीत, सजावट आहे. पाळण्यामागं नावाची पाटी लागते. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असल्यानं अक्षरं पुठ्ठ्याची कापून त्यांवर फुलं चिकटवतात, आणि त्याला दोन दिवस आधी नाव कळवावं लागतं. त्यामुळे कानात सांगण्याआधी बाळाचं नाव ज्या पहिल्या परक्या माणसाला कळलं, तो सजावटीचं सामान करणारा होता. त्यानं वहीत लिहून घेतलं, “गा... गी.”

“गार्गी,” नवरा म्हणाला. “मधे रफार आहे.”

“रफार सुटा येईल,” तो म्हणाला. “त्याचे वेगळे नाहीत लावत पैसे.”

रविवारी सकाळी पाटी लागली. गुलाबी, देखणी. दुसऱ्या ‘ग’च्या डोक्यावर आधीच दुसरी वेलांटी वळलेली, त्यावर रफाराला जागा ती किती. तो टाचणीनं अडकवला होता. अकरा वाजता पंखा लावला आणि रफार उडून पाळण्यात पडला. पाटीवर उरलं ‘गागी’. तेवढ्यात नावाचा गौप्यस्फोट होऊ नये म्हणून पाटीवर टाकलेली साडी सरकली ती सरकलीच. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मावशी फोनच्या पडद्यावरून ओरडली, “गागी? हे कुठलं गं नाव?”

मग गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले. सोन्याच्या अंगठीनं बापानं त्यात नाव लिहायचं. यात एक गोम आहे, जी लग्नात बायकोचं नाव लिहिताना नवऱ्याच्या लक्षात यायला हवी होती: तांदळाचा थर जाड असला, की अक्षर मिटतं, पातळ असला, की ताटाचा तळ दिसतो आणि अंगठी करकरते. बोटाच्या पेराइतका थर चांगला. तांदूळ होते इंद्रायणीचे, लिहिलेली रेघ लगेच ढासळणारे. ‘गा’ झकास आला. ‘गी’ आला. रफार काढताना वेलांटीची कड कोसळली. वेलांटी नीट केली, तर रफार बुजला. तीनदा झालं. गुरुजी म्हणाले, “असू द्या, आम्ही वाचलं.” आणि त्यांनी कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं अशी तिन्ही नावं खणखणीत उच्चारून चौथं बापाला बाळाच्या उजव्या कानात सांगायला लावलं.

म्हणजे आत्या पाळण्याशी आली, तोवर ते नाव सजावटवाल्याला, न्यू जर्सीला, गुरुजींना आणि बापाकडून खुद्द बाळालाही कळलेलं होतं. तरी तिनं पाळण्यात वाकून दोन्ही हातांचा आडोसा केला आणि अगदी गुपित सांगितल्यासारखं सांगितलं. कुर्र्र हळूच केलं. तिच्या पाठीत धपाटे मात्र हळू पडले नाहीत. एक तर वहिनीच्या आईचा होता आणि त्यात काही जुना हिशेब असावा, इतका तो बसला. बाळ जागं झालं. बत्ता कुंची घालून कोपऱ्यात शांत झोपला होता.

दोरी आजीनं ओढली. काकूंनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आलं, की कुणालाच सहाव्या दिवसाच्या पुढचं येत नाही. पुस्तक शोधायला गेले. तोवर आजीनं दोरी न सोडता सातवा दिवस उचलला आणि बारावा होईपर्यंत एकटीनं म्हटलं. घुगऱ्या खायला नंतर कुणीच आलं नाही, सगळे आधीपासूनच होते.

तात्याआजोबा जेवताना शांत होते. ताकाच्या वेळी बोलले. मुलीच्या नावाची अक्षरं विषम असावीत, असं गृह्यसूत्रात आहे, गार्गीची दोन. शेवट ‘आ’नं व्हावा, इथं ‘ई’. घरात जरा सन्नाटा पसरला. “पण,” ते म्हणाले, “मुलाच्या नावाला तद्धित वर्ज्य आहे, मुलीच्या नावाला चालतं. गर्गाच्या कुळातली ती गार्गी. तद्धित आहे. तेवढ्यावर पास.” मग त्यांनी बृहदारण्यकातली गोष्ट सांगितली: जनकाच्या सभेत गार्गीनं याज्ञवल्क्याला एकामागून एक असं विचारत नेलं, की तो म्हणाला, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. “आणि पडलं का?” पाटावरून आवाज आला. त्या दिवसातलं आईचं ते पहिलं वाक्य. तात्या म्हणाले, “नाही. ती जरा वेळ गप्प बसली आणि नंतर पुन्हा उठून दोन प्रश्न विचारलेन.”

रात्री बाळाच्या हातातली प्लॅस्टिकची पट्टी कात्रीनं कापली. ती आईनं लसीकरणाच्या कार्डाच्या पाकिटात ठेवली. आजी मात्र दिवसभर ‘ठकी’ म्हणत होती आणि अजून तेच म्हणते; हे पाचवं नाव कुठल्याच कोष्टकात नाही.

कागदावरचं नाव राहिलं होतं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती दवाखान्यानं केली होती. नावाचा रकाना तेवढा रिकामा होता. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव नंतर भरता येतं, वर्षाच्या आत असेल तर विलंब शुल्काशिवाय. राज्य सरकारनं तर आणखी पुढचं पाऊल टाकलंय: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या वगैरे कागदांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे शाळेत गार्गीच्या नावामागं लगेच आईचंच नाव येणार, पट्टीवर होतं तसं. हे तिनं नवऱ्याला पुन:पुन्हा सांगून पाठवलं आणि वर बजावलं, की अर्ज स्वच्छ अक्षरात भर.

कार्यालयात गर्दी नव्हती. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज घेतला, आईचं नाव ताडून पाहिलं, वडिलांचं पाहिलं, आणि बाळाच्या नावाशी थांबून चष्म्यावरून वर बघितलं.

“गागी?”

त्यानं अर्ज उलटा करून वाचला.

“रफार कुठाय, साहेब?”

“तांदळात राहिला,” तो म्हणाला.

बाईंनी काही न विचारता पेन पुढं केलं.